स्वतंत्र छायाचित्रकाराचा बायोडाटा

लहान शहरातील स्वतंत्र छायाचित्रकाराचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते. तुळशीचे लग्न लागले की मधला पौष वगळता आषाढापर्यंत त्याला उसंत नसते, आणि चातुर्मासात कॅमेऱ्याची पेटी फळीवर पडून राहते. ख्रिस्ती लग्नांची कामे मिळाली तर डिसेंबर-जानेवारी आणि ईस्टरनंतरचे दिवस तेवढे भरतात. सहा-सात वर्षे अशी काढल्यावर, मुले शाळेत जाऊ लागली म्हणजे, महिन्याच्या महिन्याला पगार देणाऱ्या स्टुडिओकडे त्याचे लक्ष वळते. तो अर्ज करतो, सोबत बायोडाटा जोडतो आणि बहुतेक वेळा त्याला उत्तर येत नाही. काम उत्तम असूनही असे का व्हावे, आणि हा बायोडाटा कसा लिहावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

अशा अर्जदारांचे बायोडाटे तपासताना एक गोष्ट वारंवार दिसते. ते दुकानाच्या पाटीसारखे लिहिलेले असतात. “येथे सर्व प्रकारची छायाचित्रे व व्हिडिओ काढून मिळतील” हे पाटीवर शोभते, कारण पाटी वाचणाऱ्याला बारसे, साखरपुडा किंवा शाळेचे संमेलन यांपैकी काहीही असू शकते. नोकरी देणाऱ्या स्टुडिओचा प्रश्न मात्र निराळा असतो. हा माणूस आमच्या खोलीत, आमच्या उपकरणांवर, आम्ही ठरविलेल्या पद्धतीने, रोज तेच काम तितकेच चांगले करील काय, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते. कामांची निवड आणि उपकरणांची माहिती या दोन्ही गोष्टी या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहावयाच्या असतात.

यासाठी प्रथम स्टुडिओचा दिवस कसा असतो ते पाहू. ऑनलाइन विक्रीसाठी मालाची छायाचित्रे काढणारा एखादा स्टुडिओ घ्या. आज पगारी जागा अशा ठिकाणी बऱ्याच असतात. सकाळी माल येतो. प्रत्येक नगाला क्रमांक असतो आणि त्याची यादीत नोंद होते. कोणत्या नगाच्या किती चौकटी, कोणत्या कोनातून काढावयाच्या, हे आधी लिहून दिलेले असते. कॅमेरा केबलने संगणकाला जोडलेला असतो. या पद्धतीला टेदरिंग म्हणतात. चित्र टिपताच ते पडद्यावर येते, त्याला नगाच्या क्रमांकाचे नाव मिळते आणि ते पुढच्या टेबलावरील रिटचिंग करणाऱ्याकडे जाते. त्याने बनविलेली चित्रे विक्रीच्या संकेतस्थळाच्या नियमांत बसावी लागतात. ॲमेझॉनवर मुख्य चित्राची पार्श्वभूमी निव्वळ पांढरी, म्हणजे लाल, हिरवा व निळा या तिन्ही रंगांचे मूल्य २५५ असलेली, हवी आणि वस्तूने चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापावयास हवा. एका माणसाने क्रमांक चुकविला किंवा दुपारनंतर प्रकाश हलविला, तर पुढच्या तिघांचे काम वाया जाते. म्हणून येथे प्रतिभेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, सातत्याची किंमत असते.

आता एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण नेहमीच्या पाहण्यातले आहे. बेळगावातील एक तरुण २०१८ पासून स्वतंत्र छायाचित्रकार आहे. त्याने तीनशेच्या आसपास लग्ने टिपली, त्यांत गोव्यातील चर्चमधली काही आहेत. एका साडीच्या दुकानाची दोन वर्षांची सूचिपत्रे केली, एका फाउंड्रीच्या माहितीपत्रकासाठी यंत्रभागांची छायाचित्रे काढली आणि एका मिठाईवाल्यासाठी छोटे व्हिडिओ बनविले. पुण्याच्या एका स्टुडिओने जाहिरात दिली आहे: वस्तूंच्या छायाचित्रणासाठी पूर्णवेळ छायाचित्रकार हवा, स्टुडिओ प्रकाशयोजनेचा दोन वर्षांचा अनुभव, टेदरिंगची सवय, प्राथमिक रिटचिंग आणि लहान व्हिडिओ करण्याची तयारी हवी.

या तरुणाच्या पहिल्या बायोडाट्यात काय होते? वर त्याच्या नावाचे नक्षीदार बोधचिन्ह. खाली ओळ: “सर्व प्रकारची फोटोग्राफी व व्हिडिओग्राफी, ३०० हून अधिक समाधानी ग्राहक.” नंतर कँडिड, सिनेमॅटिक, ड्रोन, प्री-वेडिंग अशी यादी, आणि शेवटी मालकीच्या दोन कॅमेऱ्यांची, पाच लेन्सची व तीन दिव्यांची नावे. साड्या आणि यंत्रभाग यांचा उल्लेख “इतर कामे” या दोन शब्दांत संपला होता. म्हणजे ज्या कामासाठी नोकरी होती, तेच काम त्याने झाकून ठेवले होते. लग्नांतून पैसा जास्त मिळाला, म्हणून त्यांना जागा जास्त मिळाली. मात्र बायोडाट्यातील जागा मिळकतीच्या प्रमाणात वाटावयाची नसते. समोरच्या कामाशी असलेल्या साम्याच्या प्रमाणात वाटावयाची असते.

तेव्हा निवड अशी करावी. जाहिरातीतील प्रत्येक मागणी एका कागदावर डाव्या बाजूस लिहावी आणि उजव्या बाजूस तिचा पुरावा देणारे आपले एकेक काम मांडावे. ज्या कामाला डाव्या बाजूस जोडीदार मिळत नाही ते, कितीही आवडते असले तरी, गाळावे. चार कामे पुरतात. प्रत्येकाखाली काम काय होते, अडचण कोणती होती, ती कशी सोडविली आणि किती माल किती वेळात दिला, हे दोन-तीन ओळींत यावे.

आपल्या तरुणाचे पहिले काम निर्विवादपणे साड्यांचे. दुकानात छायाचित्रे काढताना छतावरच्या ट्यूबची हिरवट छटा आणि दारातून येणारा दिवसाचा प्रकाश एकत्र मिसळत, त्यामुळे मोरपिशी साडी एका चित्रात निळी तर दुसऱ्यात हिरवी दिसे. गिऱ्हाइकाला पाहिला त्याहून वेगळा रंग हाती पडला की माल परत येतो. म्हणून हा प्रश्न दुकानदाराच्या खिशाशी जाऊन भिडतो. त्याने ट्यूब बंद केल्या, दारावर पडदा टाकला, दोन सारख्या फ्लॅशवर सॉफ्टबॉक्स लावले आणि प्रत्येक गटाच्या आरंभी चोवीस रंगांचे चौकोन असलेली कलर चेकरची पाटी साडीजवळ ठेवून एक चौकट घेतली. त्या चौकटीवरून पुढील सर्व चित्रांचा रंग बसविला आणि शेवटी साडी पडद्याशेजारी धरून ताडून पाहिली. जरीच्या काठासाठी एक दिवा बाजूला नेऊन प्रकाश कापडाला जवळजवळ समांतर टाकला, तेव्हा विणीचा उठाव दिसू लागला. बायोडाट्यात ही हकीकत अशी उतरते: “साडी सूचिपत्र, २०२२ व २०२३. तीन दिवसांत १२० साड्या, प्रत्येकी चार चौकटी. एकाच प्रकारचा फ्लॅशप्रकाश व कलर चेकर वापरून रंगजुळणी. नगाच्या क्रमांकानुसार फाइलींना नावे.” यात ‘उत्कृष्ट’ किंवा ‘समाधानी’ असा एकही शब्द नाही आणि त्याची गरजही नाही.

दुसरे काम फाउंड्रीचे. ओतीव लोखंडाचा भाग काळा व खरबरीत असतो, आणि कातून गुळगुळीत केलेली त्याची बाजू आरशासारखी चकाकते. तिच्यात दिवा, कॅमेरा आणि छायाचित्रकाराचा सदरासुद्धा दिसतो. येथे प्रकाश वस्तूवर सरळ न टाकता मोठ्या बटर पेपरमधून गाळून घ्यावा लागतो. मग चकाकत्या पृष्ठात दिव्याऐवजी एकसारखा पांढरा पट्टा उमटतो. कडा पार्श्वभूमीत विरून जाऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे उभे करतात. ज्याने हे एकदा निभावले, तो उद्या स्टीलची भांडी आणि चांदीचे दागिने हाताळू शकेल, हे स्टुडिओचा प्रमुख एका वाक्यावरून ओळखतो. म्हणून ‘औद्योगिक छायाचित्रण’ असे मोघम न लिहिता “चकाकत्या धातूच्या ४० यंत्रभागांची छायाचित्रे, गाळीव प्रकाश व काळ्या पुठ्ठ्यांनी कडांची आखणी” असे लिहावे.

तिसरे काम म्हणून एक, आणि एकच, लग्न ठेवावे. तीनशे लग्नांतून ते कोणते? ज्यात स्टुडिओला उपयोगी पडणारे कौशल्य दिसेल ते. चर्चमधील लग्नात वधूचा पांढरा झगा आणि वराचा काळा सूट एकाच चौकटीत असतात. झग्यावरची पांढऱ्यावर पांढरी कशिदाकारी राखावी तर सूट काळा ठिक्कर होतो, आणि सूटची घडी दाखवावी तर झगा कोरा कागद होतो. उघडीप हिस्टोग्रामवर नजर ठेवून साधणे, रॉ फाइलमध्ये चित्र टिपून दोन्ही टोकांचा तपशील राखणे, हेच कसब पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी चिनी मातीची बशी टिपताना लागते. शिवाय लग्नातून दुसरीही एक शिस्त दाखविता येते. दोन छायाचित्रकार असतील तर दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे आधी जुळविली, त्याच रात्री सर्व फाइली दोन वेगळ्या डिस्कवर उतरविल्या आणि त्यानंतरच कार्डे पुसली, असे एका ओळीत लिहिले म्हणजे हा माणूस साखळीतील कडी म्हणून काम करू शकतो याची खात्री पटते.

चौथे काम मिठाईवाल्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. येथेही सौंदर्याच्या वर्णनापेक्षा एक तांत्रिक खूण अधिक बोलते. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असतो, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर एक पन्नासांश सेकंद ठेवले तर हे डोळ्यांना जाणवत नाही. शटर एक साठांश ठेवले तर काही दिव्यांखाली चित्रावर लहरी सरकताना दिसतात. “२५ चौकटी, दिव्यांची लहर टाळून चित्रण, संकलन डाविंची रिझॉल्व्हमध्ये” एवढ्या शब्दांनी जाणकाराचे काम भागते.

कामांच्या निवडीत कायद्याची एक बाजू आहे, ती अनेकांना ठाऊक नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणी मोबदला देऊन छायाचित्र किंवा चित्रपट करवून घेतला असेल आणि उलट करार नसेल, तर त्याचा पहिला स्वामी करवून घेणारा असतो. म्हणजे लग्नाची छायाचित्रे आपण काढली तरी, लेखी काही ठरलेले नसल्यास, त्यांचा हक्क सामान्यतः ज्याने काम सांगितले त्याचा. म्हणून नमुना म्हणून दाखवावयाच्या प्रत्येक चित्रासाठी त्या कुटुंबाची किंवा दुकानदाराची परवानगी घ्यावी. साधा लेखी संदेशसुद्धा जपून ठेवावा. परवानगी न मिळाल्यास काम शब्दांत नोंदवावे, चित्र जोडू नये. दुसऱ्याच्या मालाची चित्रे सांभाळणाऱ्या स्टुडिओला ही काळजी फार मोलाची वाटते.

आता उपकरणांकडे वळू. येथे सर्वांत मोठा गैरसमज असा की उपकरणांची यादी म्हणजे कौशल्याची यादी. आपल्याजवळ कोणता कॅमेरा आहे याच्याशी स्टुडिओला कर्तव्य नसते, कारण कॅमेरा त्याचा स्वतःचा असतो. आपण त्यावर काय करू शकता, हे त्याला हवे असते. म्हणून नामांऐवजी क्रियापदे लिहावीत. “तीन फ्लॅश, दोन सॉफ्टबॉक्स” यापेक्षा “दोन ते तीन फ्लॅशची प्रकाशयोजना स्वतः लावतो, लाइट मीटरने मोजतो आणि मापे लिहून ठेवून दुसऱ्या दिवशी तीच योजना पुन्हा उभी करतो” हे शतपटींनी बरे. शेवटचा भाग विशेष महत्त्वाचा. सोमवारी काढलेला पेला आणि गुरुवारी काढलेला पेला एकाच पानावर शेजारी येतात, तेव्हा दिव्याचे अंतर, उंची व शक्ती लिहून ठेवणाराच तेथे टिकतो.

आपल्याला येणाऱ्या गोष्टी तीन गटांत प्रामाणिकपणे विभागाव्यात: रोज करतो त्या, केल्या आहेत पण सवय नाही त्या, आणि सध्या शिकत आहे त्या. आपल्या तरुणाच्या पहिल्या गटात फ्लॅशची मांडणी, रॉ फाइलींवरील काम आणि फोटोशॉपमधील डाग काढणे येईल. दुसऱ्या गटात मॅक्रो लेन्सने दागिन्याच्या अनेक चौकटी वेगवेगळ्या अंतरांवर केंद्रित करून त्या एकत्र जोडणे येईल. त्याने ते दोनच वेळा केले आहे. टेदरिंग त्याने कधी केलेले नाही, आणि जाहिरातीत तर त्याची स्पष्ट मागणी आहे. अशा वेळी काहीजण नुसते ‘कॅप्चर वन येते’ असे लिहून मोकळे होतात. त्याचा परिणाम चाचणीच्या दिवशी कळतो, कारण पुष्कळ स्टुडिओ निवडीपूर्वी एक-दोन तास प्रत्यक्ष काम करवून घेतात. केबल मध्येच सुटली, चित्र पडद्यावर येईनासे झाले, तर सवय असलेला माणूस आधी केबलचे टोक आणि कॅमेऱ्याची बॅटरी पाहतो आणि शेवटचा नग कोणता पोहोचला याची खात्री करतो. नवखा माणूस बटणे दाबत राहतो. यापेक्षा अर्जापूर्वी दोन रविवार काढून, चाचणी आवृत्ती घेऊन, घरातील वीस वस्तू केबल लावून टिपाव्यात, फाइलींना `BR014_01` अशा क्रमाने नावे द्यावीत आणि बायोडाट्यात “कॅप्चर वनमध्ये टेदरिंग: स्वतः सराव केला आहे, व्यावसायिक काम अद्याप नाही” असे लिहावे. हे खरे असते, आणि चाचणीत उघडे पडत नाही.

त्याच सरावात पांढऱ्या पार्श्वभूमीची परीक्षाही घ्यावी. डोळ्यांना पांढरा दिसणारा कागद फोटोशॉपमधील रंगमापक टोकाखाली धरला तर पुष्कळदा २३५ किंवा २४० दाखवितो. म्हणजे तो करडा आहे. पार्श्वभूमीवरचा प्रकाश वस्तूवरच्यापेक्षा साधारण एक स्टॉप अधिक ठेवला तर ती २५५ च्या जवळ पोहोचते. फार वाढविला तर प्रकाश मागून वस्तूच्या कडांवर सांडतो आणि काचेचा पेला अर्धा विरघळल्यासारखा दिसतो. वस्तू पार्श्वभूमीपासून चार-पाच फूट पुढे ओढली की हे पुष्कळसे टळते. ही मापे ज्याने स्वतः घेतली, त्याला मुलाखतीत कोणी अडवू शकत नाही.

स्वतंत्र माणसाबद्दल स्टुडिओच्या मनात आणखी एक शंका असते, ती कोणी तोंडाने विचारीत नाही. मुहूर्ताचे दिवस आले की हा रजा टाकून लग्ने करावयास जाईल काय? उत्तर बायोडाट्यातच द्यावे: “रुजू होण्याच्या तारखेपासून स्वतंत्र कामे बंद, घेतलेली दोन कामे अमुक तारखेपर्यंत पूर्ण होतील.” मागील वर्षे विखुरलेली दिसू नयेत म्हणून प्रत्येक गिऱ्हाईक वेगळी नोकरी असल्यासारखे लिहू नये. “स्वतंत्र छायाचित्रकार, बेळगाव, २०१८ पासून” असे एकच शीर्षक द्यावे आणि निवडक चार कामे त्याखाली घ्यावीत. पगाराची पावती नसली तरी अनुभवाचा पुरावा असतो: दिलेली बिले, प्राप्तिकराची विवरणपत्रे, आणि संमती घेऊन नाव दिलेले दोन जुने ग्राहक. आपल्या तरुणाने वधूच्या वडिलांऐवजी साडीवाला आणि फाउंड्रीचा व्यवस्थापक यांची नावे द्यावीत हे सांगावयास नको. वधूचे वडील अल्बमची स्तुती करतील; व्यवस्थापक माल वेळेवर आला की नाही ते सांगेल.

शेवटी कागदाच्या स्वरूपाविषयी. छायाचित्रकाराला सजावटीचा मोह होतो आणि तो बायोडाटा फोटोशॉपमध्ये चित्र म्हणून बनवितो. दिसावयास तो सुंदर असतो, पण त्यातील अक्षरे यंत्राला वाचता येत नाहीत, आणि शेकडो अर्जांतून ‘टेदरिंग’ हा शब्द शोधणाऱ्याला तो सापडतच नाही. पीडीएफ उघडून माऊसने एखादी ओळ निवडून पाहावी. निवडली गेली तर ठीक, न गेल्यास साध्या लेखनाच्या प्रणालीत पुन्हा बनवावा. एक पान, फार तर दोन. चित्रे त्यात कोंबू नयेत. बारा ते पंधरा चित्रांच्या संग्रहाचा एक दुवा द्यावा, आणि त्यातील पहिली आठ वस्तूंची असावीत. हा दुवा आपल्या नावाने उघडलेल्या संगणकावर नेहमीच चालतो, म्हणून तो दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावा. तेथे परवानगी मागणारी चौकट आली, तर ती स्टुडिओलाही येणार. आणि चाळीस अर्ज समोर असलेला माणूस परवानगीची वाट पाहत बसत नाही, पुढचा अर्ज उघडतो.

एवढे झाल्यावर जुना आणि नवा बायोडाटा शेजारी ठेवून पाहावा. जुन्यात तीनशे लग्ने होती, नव्यात एक आहे. जुन्यात दहा उपकरणे होती, नव्यात पाच क्रिया आहेत. पण नवा वाचून स्टुडिओच्या प्रमुखाला, सोमवारी सकाळी हा माणूस आपल्या कोणत्या टेबलाशी उभा राहील, हे सांगता येते. ते सांगता येत नसेल, तर आणखी एक ओळ वाढविण्याऐवजी एक ओळ गाळावी आणि पुन्हा वाचून पाहावे.